सोमवारी कँटीनमध्ये अंडं का नाही?

शाळेच्या कँटीनकडून पालकांना पत्र आलं, तर ते बहुधा दरवाढीचं असतं, नाहीतर कूपन संपल्याचं. एका मुलाच्या अ‍ॅलर्जीमुळे एक दिवस अंडं बंद ठेवत आहोत, असं पत्र पहिल्यांदा हातात पडलं की पालकांच्या मनात शंका येतात. एका मुलासाठी सगळ्यांचं ऑम्लेट का बंद? यामागे शाकाहाराचा आग्रह तर नाही ना? आणि आठवड्यातून एकच दिवस बंद ठेवून काय साधणार? पत्र नीट लिहिलं, तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच मिळतात. त्यासाठी कँटीन चालवणाऱ्याला अंड्याचं विज्ञान आणि स्वतःचं स्वयंपाकघर, दोन्ही ठाऊक असावी लागतात.

खालचं पत्र नमुन्याचं आहे. एक तवा, एक कढई, दोन शेगड्या आणि तीन कामगार असलेलं शाळेचं साधं कँटीन डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे.

*

प्रिय पालक,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यापासून दर सोमवारी आपल्या कँटीनमध्ये अंडं किंवा अंडं असलेला कोणताही पदार्थ शिजणार नाही आणि विकलाही जाणार नाही. आपल्या शाळेतल्या एका मुलाला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे. थोडंसं अंडं पोटात गेलं तरी त्याच्या अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात. एकदा श्वासालाही त्रास झालेला आहे. हे मूल रोज घरचा डबा आणतं आणि कँटीनच्या रांगेत कधीच उभं राहत नाही. आठवड्यातून एक दिवस तरी त्याला मित्रांबरोबर इथलं गरम खाणं खाता यावं, म्हणून त्याच्या आईवडिलांच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनांप्रमाणे आम्ही हे ठरवलं आहे.

सोमवार निवडला तो आमच्या सोयीने. शनिवारी अर्धा दिवस शाळा असते आणि रविवारी कँटीन बंद असतं, त्यामुळे सगळं धुवून काढायला वेळ मिळतो. हा उपवासाचा किंवा शाकाहाराचा नियम नाही. मंगळवार ते शनिवार ऑम्लेट, भुर्जी आणि उकडलेलं अंडं नेहमीसारखंच मिळेल.

सोमवारी पोहे, उपमा, इडली-सांबार, व्हेज पुलाव आणि ताक मिळेल. पाव, केक, पॅटिस, क्रीम रोल, सँडविच, म्हणजे बेकरीतून येणारं काहीही त्या दिवशी नसेल.

आपल्याकडून तीन गोष्टींची मदत हवी आहे. डब्यात आपण अंडं जरूर देऊ शकता, पण डब्यातला घास दुसऱ्याला द्यायचा नाही, हे मुलांना सांगावं. खाऊन झाल्यावर साबण लावून हात धुवायला सांगावं. आणि वाढदिवसाला वाटायचा खाऊ पाकीटबंद असावा, तो आदल्या दिवशी वर्गशिक्षिकांना दाखवावा.

मुलाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ते आपल्याला कळलंच, तर त्याची चर्चा होऊ देऊ नये, ही विनंती. आपल्याही मुलाला एखाद्या खाण्याचा त्रास होत असेल, तर कृपया आम्हाला कळवावं.

ही व्यवस्था या शैक्षणिक वर्षापुरती आहे. जूनमध्ये डॉक्टरांचा नवा सल्ला घेऊन पुढचं ठरवू.

आपला नम्र,
कँटीन व्यवस्थापक

*

शाकाहाराशी संबंध नाही, हे आधी का सांगायचं?

आपल्याकडे अंडं नाही म्हटलं की मनात पहिल्यांदा येतो तो वार. सोमवार, गुरुवार, श्रावण, चतुर्थी. शाळेत अंडं असावं की नसावं यावर महाराष्ट्रात वादही झालेले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं आणि जी मुलं अंडं खात नाहीत, त्यांना केळं किंवा दुसरं फळ देण्याची सोय ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवण्यात आला. या सगळ्या चर्चेत अंडं न खाणारं मूल म्हणजे शाकाहारी घरातलं मूल, असंच गृहीत धरलं गेलं. अंडं आवडतं, घरात सगळे खातात, पण शरीर घेत नाही, असं मूल कोणाच्या डोळ्यांसमोर आलं नाही.

हा फरक कँटीनच्या कामात फार मोठा ठरतो. शाकाहारी मुलाच्या पोह्यांना चुकून अंड्याचं उलथनं लागलं, तर घरच्यांना वाईट वाटेल, शाळेला माफी मागावी लागेल. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला त्याच उलथन्याने दवाखाना गाठावा लागू शकतो. म्हणूनच पत्रातलं ‘हा शाकाहाराचा नियम नाही’ हे वाक्य आधी पालकांसाठी आहे आणि तितकंच ते कँटीनमधल्या कामगारांसाठीही आहे. वार पाळण्यासाठी ताटात अंडं नसलं की पुरतं. इथे तव्यावर, फडक्यावर आणि हातावरही अंडं असून चालत नाही.

‘पण त्याने तर केक खाल्ला होता!’

असं पत्र गेल्यावर हमखास येणारा आक्षेप हा. मागच्या वाढदिवसाला त्याच मुलाने केक खाल्ला आणि त्याला काही झालं नाही, मग अ‍ॅलर्जी खरी कशावरून? आक्षेप घेणाऱ्याने पाहिलेलं खरं असतं. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकतो.

अ‍ॅलर्जीत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा अंड्यातल्या प्रथिनांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करते. पुढच्या वेळी तेच प्रथिन पोटात गेलं की हिस्टामिन आणि त्यासारखी रसायनं एकदम सुटतात. गांधी, ओठांची सूज, उलटी, धाप ही सगळी त्यांचीच करणी. त्रास देणारी मुख्य प्रथिनं पांढऱ्या भागात असतात. बलकातही काही असतात, आणि घरी कितीही जपून बलक वेगळा काढला तरी पांढरा भाग त्याला चिकटून राहतोच. त्यामुळे ‘नुसता बलक देऊ’ हा तोडगा चालत नाही.

पांढऱ्या भागातली दोन प्रथिनं इथे महत्त्वाची आहेत. ओव्हाल्ब्युमिन प्रमाणाने सर्वांत जास्त असतं, पण चांगल्या उष्णतेने त्याचा आकार बदलतो आणि मग शरीर त्याला तितकंसं ओळखत नाही. ओव्होम्युकॉइड हे दुसरं प्रथिन उष्णतेला सहज दाद देत नाही. ज्या मुलाचा त्रास मुख्यतः पहिल्या प्रथिनामुळे असतो, त्याला मैद्यात मिसळून भट्टीत अर्धा तास भाजलेल्या केकमधलं अंडं चालून जातं. तव्यावर दोन मिनिटं परतलेलं ऑम्लेट त्याला चालत नाही. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचं असंच असतं. दुसऱ्या प्रथिनाने त्रास होणाऱ्या मुलाला केकही बाधतो.

कोणतं मूल कोणत्या गटात मोडतं, हे चाचण्या करून डॉक्टर ठरवतात. कँटीनने त्यात पडू नये. भाजलेलं चालतं, तळलेलं नाही, अर्धं कच्चं तर मुळीच नाही, असे बारकावे सुट्टीच्या गर्दीत वाढणाऱ्या माणसाकडून पाळले जाण्याची अपेक्षा धरता येत नाही. म्हणून सोमवारी अंडं कोणत्याच रूपात नाही. नियम इतका सोपा असला, तरच तो रोजच्या धावपळीत टिकतो.

हिरवा ठिपका किती सांगतो?

आपल्या देशात या बाबतीत एक मोठी सोय आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अंडं मांसाहारात मोडतं. त्यामुळे पाकिटावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल, तर त्या पदार्थात घटक म्हणून अंडं घातलेलं नसतं. अंडं असलेल्या पाकिटावर तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. दूध किंवा शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना अशी लांबूनच ओळखू येणारी खूण मिळत नाही.

पण हा ठिपका सांगतो तो घटकांबद्दल. ज्या यंत्रावर सकाळी अंड्याची बिस्किटं झाली, त्यावरच दुपारी बिनअंड्याची झाली, तर दुसऱ्या पाकिटावरही हिरवा ठिपका असू शकतो. अशा वेळी वाचायची ती घटकांच्या यादीजवळची अ‍ॅलर्जीची सूचना. २०२०च्या लेबलिंग नियमांत अशा घटकांची यादी ठरवून दिलेली आहे. तिच्यात दूध, मासे, शेंगदाणे, सोयाबीन यांच्याबरोबर अंडंही आहे. अंडं घातलेलं नसलं तरी त्याचा अंश असू शकतो, अशी सूचना पाकिटावर दिसली, तर हिरवा ठिपका असूनही ते पाकीट सोमवारच्या फळीवर ठेवायचं नाही.

सुट्या मालावर लेबलच नसतं, आणि पावाची अडचण इथूनच सुरू होते. पावाच्या कणकेत साधारणपणे अंडं नसतं. मात्र काही बेकऱ्यांत वरून चकाकी यावी म्हणून भट्टीत घालण्याआधी पावाला अंड्याचा हात फिरवतात. जिथे फिरवत नाहीत, तिथेही मावा केकचं पीठ घुसळणारं भांडं, ट्रे आणि ब्रश तेच असतात. कँटीनवाल्याने बेकरीत जाऊन विचारलं तर उत्तर मिळेल, पण ते त्या दिवसापुरतं. उद्या कारागीर बदलला की पद्धत बदलते. म्हणून पत्रात वडापावालाही सोमवारी जागा नाही. मुलांना सगळ्यांत जास्त रुखरुख लागेल ती याचीच, आणि म्हणूनच ते पत्रात आधी सांगून टाकलेलं बरं.

शनिवारची दुपार

दोन स्वयंपाकघरं असतील, तर अंड्याचं एकीकडे आणि बिनअंड्याचं दुसरीकडे करता येतं. शाळेच्या कँटीनमध्ये तेवढी जागा नसते. मग जागा वेगळी करण्याऐवजी वेळ वेगळी करायची, हाच व्यवहारी मार्ग उरतो. पूर्ण दिवस अंडं बंद ठेवण्याचं खरं कारण हे आहे. एकाच सुट्टीत एका शेगडीवर भुर्जी आणि शेजारी पोहे चालू असताना कालथा, फडकं आणि हात इकडून तिकडे जाणारच. कितीही दक्ष माणूस असला तरी दिवसभर ते टाळू शकत नाही.

शनिवारी शेवटचं ऑम्लेट गेलं की उरलेली अंडी फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात बंद करायची, म्हणजे एखादं फुटलं तरी खालच्या खाली राहील. मग भांडी. अंड्याची भांडी आधी थंड पाण्याने विसळायची, हे जुन्या आचाऱ्यांना ठाऊक असतं. एकदम गरम पाणी ओतलं तर भांड्यावरचं अंडं तिथेच शिजतं आणि पापुद्र्यासारखं घट्ट बसतं. थंड पाण्याने सुटं झालं की मग गरम पाणी, साबण आणि घासणी. नुसतं उकळतं पाणी ओतून काम भागत नाही, कारण चिवट प्रथिन उष्णतेने नाहीसं होत नाही. ते घासून आणि धुऊनच जातं. सॅनिटायझरचंही तसंच. तो जंतू मारतो, प्रथिन जागच्या जागी ठेवतो. शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीवर अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. साबणाने हातावरचा अंश गेला, सॅनिटायझरने तो काही जणांच्या हातावर राहिला. पत्रात ‘हात धुवा’ म्हणताना साबणाचा उल्लेख केला आहे तो याचसाठी.

आता तवा. वर्षानुवर्षं वापरलेल्या बिडाच्या किंवा लोखंडी तव्यावर तेलाचा काळा थर चढलेला असतो. त्यामुळेच डोसा सुटून येतो, आणि त्याच थरात आधीच्या पदार्थांचे कण अडकून बसतात. तो साबणाने खरवडून काढायला आचारी तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरही आहे. यावर उपाय एकच, सोमवारसाठी वेगळा तवा. त्याच्याबरोबर वेगळं उलथनं, वेगळी घासणी, वेगळं फडकं आणि भाजी चिरायची वेगळी फळी. या सगळ्यांना निळी पट्टी लावायची आणि ते एका झाकणाच्या पेटीत ठेवायचं. हिरवी पट्टी लावू नये, कारण हिरवं म्हणजे शाकाहारी हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की मंगळवारी कोणीतरी त्याच तव्यावर पनीर परतेल आणि बुधवारी भुर्जी. तळणीचं तेलही सोमवारी ताजं घ्यायचं. शनिवारी ब्रेड अंड्यात बुडवून ज्या तेलात तळला, ते गाळून ठेवलेलं तेल सोमवारी चालणार नाही.

ओटा धुऊन पुसल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण डोळ्यांना दिसण्यावर इथे भरवसा ठेवता येत नाही. वाळलेल्या अंड्याचा पातळ थर स्टीलवर दिसत नाही. उलथन्याच्या मुठीच्या सांध्यात, किसणीच्या भोकांत, फ्रिजच्या दाराच्या रबरात तो लपून राहतो. म्हणून भिंतीवर यादी लावायची आणि ज्याने जे धुतलं, त्याने त्यापुढे सही करायची. सोमवारी सकाळी गॅस पेटवण्याआधी व्यवस्थापकाने ती यादी पाहायची. एक सही जरी नसली, तर ते काम आधी पुरं करायचं, मग कढई चढवायची.

तरीही काही झालं तर

एवढं करूनही धोका शून्यावर येत नाही, आणि पत्र पालकांना तसा शब्द देत नाही. अन्नाच्या अ‍ॅलर्जीबद्दल शाळांनी काय करावं, यावर तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, प्रत्येक मुलासाठी लेखी आराखडा आणि शाळेत औषधाची तयारी यांवर त्यांचा भर आहे. एखादा पदार्थ सरसकट शाळेत आणूच द्यायचा नाही, अशी बंदी त्यांनी सुचवलेली नाही, कारण तिने अपघात कमी होतात याचा पुरेसा पुरावा नाही. नमुना पत्रात डब्यातल्या अंड्यावर बंदी नाही, ती याच विचाराने. शेजारच्याच्या डब्यातल्या ऑम्लेटच्या नुसत्या वासाने गंभीर त्रास होणं दुर्मीळ आहे. घास वाटून खाल्ला, तर मात्र होतो.

त्रास बहुतेक वेळा काही मिनिटांत सुरू होतो, क्वचित दोन तासांपर्यंत. नुसत्या दोन-चार गांधी उठल्या, तर मुलाला नजरेसमोर बसवून आराखड्यात लिहिलेलं औषध देतात. गांधींबरोबर उलट्या, खोकला, घरघर, बसलेला आवाज किंवा ग्लानी दिसली, तर ती अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावरची अ‍ॅलर्जी समजायची. कधीकधी अंगावर काही न उठताही श्वास अडतो. अशा वेळी औषध एकच, अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. प्रमाण वजनावर असतं, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. २५ किलोच्या मुलाला ०.२५ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या एक मिलिग्रॅमच्या अँप्यूलमधलं पाव मिलिलिटर. दाबलं की ठरलेला डोस देणारी तयार पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. त्यामुळे मुलाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस, अँप्यूल, सिरिंज आणि ते द्यायला शिकलेलं माणूस, हे सगळं शाळेत आहे की नाही, ते पत्र पाठवण्याआधीच ठरलेलं असायला हवं. अ‍ॅलर्जीची नेहमीची गोळी खाज कमी करते. बंद होत चाललेली श्वासनलिका ती उघडत नाही, म्हणून तिची वाट पाहत बसायचं नाही.

इंजेक्शन दिलं की १०८ ला फोन करायचा. मुलाला आडवं ठेवायचं, धाप लागली असेल तर टेकून बसवायचं, पण उभं करून चालवत न्यायचं नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उलटू शकतो.

जूनमध्ये पुन्हा पाहू

पत्राच्या शेवटची ओळ औपचारिक वाटते, पण वैद्यकीयदृष्ट्या ती फार मोलाची आहे. अंड्याची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांच्या बाबतीत वाढत्या वयाबरोबर ओसरते. कोणाची शाळेत जाण्याआधी, कोणाची चौथी-पाचवीत, तर कोणाची दहावीच्या आसपास. रक्त आणि त्वचेच्या चाचण्यांतून अंदाज येतो, पण खात्री होते ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडं थोडं अंडं खाऊ घालून. ही परीक्षा दवाखान्यातच व्हायला हवी, घरी ‘जरा चाखून बघू’ म्हणून करायची नाही, आणि शाळेत तर कधीच नाही.

म्हणून दर जूनला व्यवस्थापकाने मुलाच्या घरून नवा लेखी सल्ला मागवावा. अ‍ॅलर्जी तशीच असेल, तर सोमवार पुढे चालू राहील. भाजलेलं अंडं चालायला लागलं असेल, तर वाढदिवसाच्या खाऊचे नियम सैल होतील, कँटीनचे नाहीत. आणि अ‍ॅलर्जी गेलीच असेल, तर पालकांना दुसरं छोटं पत्र जाईल, सोमवारी वडापाव पुन्हा मिळेल. निळ्या पट्टीची पेटी मात्र टाकून देऊ नये. पहिल्या पत्रात ‘आपल्याही मुलाला त्रास होत असेल तर कळवावं’ असं लिहिलेलं असतं. त्याला उत्तर देणारे एक-दोन पालक निघतातच, आणि त्यांच्या मुलांना तो तवा लागतो.